गाण्याच्या अलार्मनंही धस्स होतंय? थंडीतल्या सकाळी हळूहळू जागं करणारी गाणी कशी लावायची

तक्रार साधारण अशी असते. अलार्मची कर्कश टिंगटिंग नको म्हणून माणूस फोनमध्ये एखादं आवडीचं, शांत गाणं लावतो. सुरुवातीला बरं वाटतं. मग एक तर पुन्हा दचकून जाग यायला लागते, नाहीतर गाणं वाजून संपतं आणि झोपणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. जाग येते, पण ते गाणंच कानाला नकोसं झालेलं असतं. दुपारी कुठे ऐकू आलं तरी पोटात गोळा येतो. गाणं बदललं की चार दिवस ठीक, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हिवाळ्यात हे हमखास वाढतं.

माझं काम ध्वनिमुद्रणं कापण्या-जोडण्याचं, त्यामुळे घरातल्यांचे आणि मित्रमंडळींचे असले अलार्म माझ्याकडे दुरुस्तीला येतात. बहुतेक वेळा गाणं चुकीचं नसतं. ते सुरू कसं होतं आणि त्याचा आवाज किती वेळात चढतो, तिथे गडबड असते. म्हणून गाण्यांची यादी शोधण्याआधी ही गडबड दूर करायची. ती झाली की तुमच्याकडे आधीपासून असलेल्या गाण्यांतलीच चार-पाच चालून जातात.

नेमकं काय बिघडलंय ते आधी बघा

दचकून जाग येत असेल तर गाणं पहिल्यापासून लावा आणि फक्त पहिली पाच सेकंदं ऐका. बहुतेक गाण्यांत तिथेच उत्तर सापडतं. ढोलकीची थाप असते, गिटारची तार खणकन छेडलेली असते, किंवा गाणारा पहिल्याच क्षणी पूर्ण आवाजात येतो. एरवी हे आपल्याला खटकत नाही, कारण आपण जागे असतो आणि गाणं आपणच लावलेलं असतं. झोपलेल्या माणसाला मात्र शांततेतून एकदम पूर्ण आवाज येऊन आदळतो. माणूस दचकतो तो आवाज मोठा म्हणून, हे अर्धंच खरं. तो किती झटकन चढला यानेही तितकाच फरक पडतो. तोच आवाज मिनिटभरात चढत आला तर दचकणं होत नाही.

हिवाळ्यात यात एक भर पडते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पंखा बंद असतो, खिडक्या लावलेल्या असतात, खोली अगदी निःशब्द असते. उन्हाळ्यात पंख्याच्या घरघरीत गाण्याची सुरुवात थोडी बुडून जायची, आवाज त्या घरघरीतून वर यायचा. थंडीत ती घरघर नसते, त्यामुळे फोनवर आवाजाची पट्टी तिथेच असली तरी कानाला तोच अलार्म जास्त टोचतो. आवाज कमी करणं हा त्यावरचा सोपा उपाय वाटतो आणि बहुतेक जण तोच करतात. मग दुसरी तक्रार सुरू होते, जागच येत नाही ही.

कारण हिवाळ्यात डोक्यावरून पांघरूण असतं. जाड रजई किंवा गोधडी आवाज सरसकट कमी करत नाही. तार, झांज, बासरीचे उंच सूर यांसारखे तीक्ष्ण आवाज ती जास्त खाते आणि खालचे आवाज त्यामानाने सोडते. रात्री उघड्या कानांनी तपासलेलं गाणं सकाळी पांघरुणाखाली बोथट आणि लांबचं होऊन पोचतं. त्यामुळे तपासणी करायची तर झोपतो तसं झोपून, डोक्यावर पांघरूण घेऊन करा, आणि फोन सकाळी जिथे असेल तिथेच ठेवा. शिवाय तपासताना गाणं म्युझिक प्लेअरमध्ये लावू नका. बऱ्याच फोनमध्ये गाण्यांचा आवाज आणि अलार्मचा आवाज या दोन वेगळ्या पट्ट्या असतात. एकीवर जुळवलेलं दुसरीवर भलतंच वाजतं. घड्याळाच्या ॲपमध्ये दोन मिनिटं पुढचा अलार्म लावून बघणं हीच खरी तपासणी.

आवाजाची चढण

फोनमध्ये आवाज हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती पुरत नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. गूगलच्या घड्याळात ही सोय `Gradually increase volume` या नावाने आहे आणि तिथले पर्याय सेकंदांतले आहेत. दचकणं टाळायला तेवढं पुष्कळ. सावकाश जाग यायला मात्र मिनिटं लागतात. म्हणून चढण गाण्याच्या फाइलमध्येच घालून ठेवायची. एकदा घातली की फोन कुठलाही असो, गाणं तसंच वाजतं.

ही चढण घालताना जवळजवळ प्रत्येक जण एका ठिकाणी फसतो, म्हणून इथे थोडं थांबते. आवाज जोडायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये `Fade In` असतं आणि ते बहुधा सरळ रेषेत चढतं. कागदावर सरळ रेषा म्हणजे सावकाश, पण कानाचं गणित वेगळं आहे. आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. १० मिनिटांची सरळ चढण घेतली तर पहिलं मिनिट संपतानाच गाणं पूर्ण आवाजापेक्षा फक्त २० डेसिबल खाली असतं, आणि पाचव्या मिनिटाला फक्त ६. म्हणजे शून्यापासून पाव आवाजापर्यंतची चढण पहिल्या मिनिटातच आटोपते, पाचव्या मिनिटाला कानाला आवाज निम्म्याच्या वर गेलेला असतो आणि शेवटची पाच मिनिटं गाणं जवळपास एकाच पातळीवर वाजत राहतं. दहा मिनिटांचा फेड लावूनही लोक दचकतात ते त्यामुळे.

उपाय म्हणजे सुरुवातीला रेंगाळणारी आणि पुढे चढणारी वक्र रेषा. घनाची रेषा घेतली, म्हणजे वेळेच्या प्रमाणाचा घन करून आवाज ठेवला, तर १० मिनिटांच्या चढणीत तिसऱ्या मिनिटाला गाणं ३१ डेसिबल खाली असतं, पाचव्याला १८ आणि सातव्याला ९. पहिली दोन-अडीच मिनिटं बहुतेकांना काहीच ऐकू येत नाही, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला काहीतरी वाजतंय असं वाटतं, आणि पुढे ते सावकाश जवळ येत जातं. संगणकावर ffmpeg हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम असेल तर एका ओळीचं काम आहे:

```
ffmpeg -i gane.mp3 -af "afade=t=in:d=600:curve=cub" sakal.mp3
```

यात `600` म्हणजे सेकंदं, आणि `cub` ही ती घनाची रेषा. आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर Audacity या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये गाण्याची पहिली १० मिनिटं निवडा आणि `Fade In` लागोपाठ तीनदा द्या. सरळ रेषा तीनदा एकमेकींना गुणली की घनच होतो, त्यामुळे उत्तर तेच येतं. गाणं १० मिनिटांपेक्षा लहान असेल तर आधी दोन-तीन गाणी एकापुढे एक जोडून घ्या आणि मग चढण द्या.

फाइल फोनमध्येच साठवलेली हवी. इंटरनेटवरून वाजणारं गाणं अलार्मला लावलं आणि पहाटे नेटवर्क गेलं तर त्याच्या जागी मूळची टिंगटिंग वाजू शकते, म्हणजे जी टाळायला हा खटाटोप केला तीच. आयफोनवर ही फाइल आधी संगणकावरून Music ॲपमध्ये न्यावी लागते आणि मग अलार्मच्या आवाजांत `Pick a song` मधून निवडावी लागते. अँड्रॉइडवर काम सोपं आहे, अलार्मचा आवाज निवडताना फाइल थेट दाखवता येते.

ब्लूटूथ स्पीकरच्या नादी शक्यतो लागू नका. त्यातले बरेचसे थोडा वेळ आवाज आला नाही की आपोआप बंद होतात, आणि आपल्या फाइलची सुरुवात तर जवळपास निःशब्द असते. रात्री चालू ठेवलेला स्पीकर सकाळी उठलेलाच नसतो.

एक अलार्म प्रत्यक्ष दुरुस्त करताना

माझ्या भाचीला साडेसहाला उठायचं असतं. ती अकराच्या सुमारास झोपते, म्हणजे झोप पुरेशी होते; पण थंडी सुरू झाली की सकाळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरातला अलिखित नियम आहे. तिने साडेसहाला एक आवडतं गाणं लावलं होतं. मला फोनवर म्हणाली, "मावशी, गाणं शांत आहे गं, पण रोज छातीत धस्स होतंच. आणि आता तर ते गाणंच नको झालंय."

गाणं ऐकलं. खरंच शांत, पण सुरुवात पियानोच्या एका खणखणीत आघाताने. ते काढून टाकलं आणि तिच्यासाठी १५ मिनिटांची नवी फाइल बांधली. पहिली १० मिनिटं बासरीची संथ आलापी, घनाच्या चढणीसह. पुढची ५ मिनिटं शब्दांचं, हलक्या ठेक्याचं एक गाणं. दोन्हींचा सांधा ८ सेकंदांचा ठेवला, म्हणजे बासरी विरत असताना गाणं तिच्यातूनच वर येतं. अलार्म सव्वासहाला, आणि फाइल संपते ती साडेसहाला. ही वेळ महत्त्वाची आहे. गाण्याने हळू जाग हवी असेल तर ते उठायच्या वेळेआधी सुरू झालं पाहिजे. साडेसहाला सुरू होणारी १५ मिनिटांची चढण म्हणजे नुसता उशीर.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "बासरी छान होती, पण मग एकदम सगळं बंदच पडलं. मी पुन्हा झोपले." किती वाजता बंद पडलं? सहा पंचवीसला, असं तिचं घड्याळ सांगत होतं, म्हणजे बरोबर १० मिनिटांनी. गूगलच्या घड्याळात `Silence after` नावाची एक सोय असते. कुणी अलार्म बंद केला नाही तर किती वेळाने तो आपला आपण गप्प व्हावा हे ती ठरवते, आणि आधीपासून ती बहुधा १० मिनिटांवर असते. नेहमीच्या टिंगटिंगीला १० मिनिटं पुष्कळ झाली, पण आपल्या फाइलमधलं जागं करणारं गाणं नेमकं तिथेच सुरू होतं. ती सोय २० मिनिटांवर नेली. लांब फाइल लावणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्या रात्रीच बघावी.

त्यानंतर बासरीतच एक खोट निघाली. मुद्रणात सातव्या मिनिटाला तबला येत होता. ऐकताना तो प्रसन्न वाटतो, पण चढण तोवर बरीच वर आलेली असते आणि तबल्याचा पहिला ठेका हा आघातच असतो. "सातव्या मिनिटाला कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं," हे तिचंच वर्णन. तबला येण्याआधीचा भाग कापला आणि त्याच आलापीचा आधीचा तुकडा पुन्हा जोडून १० मिनिटं भरून काढली. झोपेत कुणाला पुनरावृत्ती कळत नाही.

शेवटी आवाज. पांघरुणाखाली तपासल्यावर अलार्मची पट्टी दोन घरं वर न्यावी लागली. आता तिची जाग बहुतेक बासरीच्या उत्तरार्धात येते, कधी कधी शब्द सुरू झाल्यावर. सकाळी तिच्याशी बोलायची सोय अजून नाही, पण धस्स होणं थांबलं.

कोणती गाणी चालतात

दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी गाणी लागतात हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते. पहिल्याचं काम झोपेच्या काठापर्यंत येऊन बसणं, दुसऱ्याचं काम हाताला धरून उठवणं. एकाच गाण्याकडून दोन्ही मागितलं की ते एकात कमी पडतं.

पहिल्या कामाला ताल नको, आघात नको आणि शब्दही नकोत. फुंकून किंवा गजाने वाजवायची वाद्यं इथे बरी, कारण त्यांचा सूर शून्यातून फुगत वर येतो. बासरी, सारंगी, व्हायोलिन, नाहीतर नुसता गुणगुणता आवाज. सतार, सरोद, संतूर ही सगळी छेडून किंवा आघाताने वाजणारी. भरल्या खोलीत ती फार गोड, पण निःशब्द खोलीत त्यांचा प्रत्येक सूर टोकदार सुरू होतो. तेच वाद्य हवं असेल तर चढण १० ऐवजी १२-१३ मिनिटांची करा. सकाळच्या रागांतली आलापी, अहिरभैरव, ललित किंवा तोडीतली, इथे चांगली बसते. सकाळचा राग म्हणून काही जादू होते असं माझं म्हणणं नाही. आलापी आधीपासूनच सावकाश, बिनतालाची आणि लांबलचक असते. अलार्मच्या पहिल्या भागाला नेमकं तेच हवं असतं. फक्त पुढे ठेका कुठे सुरू होतो ते शेवटपर्यंत ऐकून बघा.

फोनचा स्पीकर लहान असतो, हे इथे विसरून चालत नाही. खर्जातलं काही त्यातून धड निघत नाही. तंबोऱ्याचा खर्ज, चेलो, गहिरा पुरुषी आवाज यांचा खालचा पाया गळून पडतो आणि वरची नुसती किरकिर उरते. हेडफोनवर मऊ वाटलेलं गाणं फोनवर पत्र्यासारखं वाजतं ते याच कारणाने. मध्यम पट्टीतला आवाज घ्या. फार उंच नको, कारण ते पांघरूण खातं. फार खाली नको, कारण ते फोनलाच काढता येत नाही. मधल्या सप्तकातली बासरी आणि स्त्रीचा मध्यम पट्टीतला आवाज या दोन्ही अटींत बसतात.

अंगाईच्या वळणाची गाणी सुरुवातीला ठेवायचा मोह होतो, कारण ती मऊ असतात. पण तीच ती चाल, झुलता ठेका आणि कुठेही न चढणारा सूर हे सगळं झोपवण्यासाठी रचलेलं असतं, आणि ती आपलं काम चोख करतात.

दुसऱ्या गाण्यात मात्र शब्द हवेत, तेही समजणारे. झोपेतही आपलं कान देणं पूर्ण थांबलेलं नसतं. स्वतःचं नाव उच्चारलं की झोपलेल्या माणसाचा मेंदू इतर नावांपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो, हे प्रयोगशाळांत दिसलेलं आहे. ओळखीच्या भाषेतल्या शब्दांमागे मन आपसूक जातं, आणि मनात गाण्याची पुढची ओळ आली की माणूस जवळजवळ जागा झालेला असतो. म्हणून इथे पाठ असलेलं गाणं चांगलं. ठेका चालायच्या गतीचा, ठळक चाल, सोबत म्हणता येईल असं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली प्लॉस वन या नियतकालिकात ५० जणांची पाहणी प्रसिद्ध केली होती. ज्यांना आपला अलार्म सुरेल वाटत होता, त्यांनी उठल्यानंतरची गुंगी कमी असल्याचं सांगितलं होतं. लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं ते, त्यामुळे फार ताणू नये. पण गुणगुणता येईल अशी चाल निवडायला तेवढा आधार पुरे.

गाणं नकोसं होणं

याला गाण्याचा दोष नाही. एखादा सूर कानावर पडला की लगेच ऊबदार पांघरुणातून बाहेर पडावं लागतं, असं रोज घडत राहिलं तर तो सूर आणि ती अढी यांची गाठ पक्की बसते. मग सूरच अढी आणतो. म्हणून पहिला नियम हा की सगळ्यांत लाडकं गाणं अलार्मला कधीच द्यायचं नाही. ज्याच्याबद्दल "बरं आहे" इतपतच वाटतं असं द्या. बिघडलं तरी हळहळ नको.

दुसरं म्हणजे आळीपाळी. पहिला भाग, म्हणजे बासरीची आलापी, तोच ठेवला तरी चालतो, कारण तो बहुतेक झोपेतच जातो. दुसरं गाणं मात्र बदलतं ठेवा. चार-पाच फाइली करून आठवड्याच्या वारांना वाटून द्या. फोनमध्ये प्रत्येक वाराचा वेगळा अलार्म लावता येतो, त्यामुळे रात्री आठवण ठेवावी लागत नाही. सुट्टीच्या दिवशी यातलं एकही गाणं अलार्मला नको. आणि यातलं एखादं गाणं अधूनमधून भर दुपारी, काही काम नसताना मुद्दाम ऐका. त्याची गाठ फक्त उठण्याशी बसू नये म्हणून.

सवयीने उलटंही होतं. तेच गाणं रोज त्याच वेळी वाजलं की मेंदू त्याला दखल न घेण्याच्या आवाजांत टाकतो आणि माणूस शांतपणे झोपून राहतो. आळीपाळीने ही अडचणही सुटते.

स्नूझबद्दल. हळू चढणाऱ्या फाइलवर स्नूझ दाबलं की काही मिनिटांनी ती पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणजे आणखी तीन मिनिटं काही ऐकूच येत नाही. वेळ अशी दुप्पट जाते. या फाइलसाठी स्नूझ विसरून जा. फाइल स्वतःच १५ मिनिटांची स्नूझ आहे.

गाण्याने जे सुटत नाही

रात्री एकला झोपून सहाला हळू उठायचं असेल तर ही चढण फसते. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात येतो. पुरेशी झोप झालेल्या माणसाची पहाटेची झोप पातळ असते, आणि हळू आवाज तिथेच काम करतो. झोप अपुरी राहत गेली की पहाटेही गाढ झोप पडते. तिथे बासरी पोचत नाही, आणि पोचली तरी उठल्यावर डोकं अर्धा तास जड राहतं. रोज पूर्ण फाइल झोपेतच संपत असेल तर आवाज वाढवायच्या आधी झोपायची वेळ पाऊण तास अलीकडे आणून बघा.

दुसरी अडचण अंधाराची. हिवाळ्यात साडेसहाला उजेड नसतो, आणि मेंदूला सकाळ झाल्याचा निरोप मुख्यतः डोळ्यांतून मिळतो. दुसरं गाणं सुरू व्हायच्या वेळी टायमरवर एक मंद दिवा लागेल असं करता आलं तर गाण्याचा आवाज बराच कमी ठेवून भागतं. मात्र दिवा झोपलेल्या डोळ्यांसमोर नको, भिंतीकडे तोंड करून ठेवा.

तिसरी थंडी स्वतः. गाण्याने जाग आली तरी पांघरुणाबाहेर हात काढवत नाही आणि माणूस परत आत शिरतो. स्वेटर आणि मोजे रात्रीच पांघरुणात पायाशी ठेवा, सकाळी ते ऊबदार असतात. दुसऱ्या गाण्याचं पहिलं कडवं संपलं की स्वेटर आतल्या आत चढवायचा, दुसरं संपलं की उठून बसायचं. वेळ घड्याळात बघायची नाही, गाण्यात बघायची. हे जमायला गाणं पाठ असावं लागतं. पाठ असलेलं गाणं निवडायचं ते यासाठीही.

वयोमानाने किंवा इतर कारणाने कानाला उंच सूर कमी ऐकू येत असतील तर बासरी आणखी खालच्या पट्टीतली घ्या आणि फोनऐवजी जरा मोठा स्पीकर तारेने जोडा. आगीच्या धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रांच्या चाचण्यांत ५२० हर्ट्झच्या आसपासचा, अनेक स्वरांश असलेला आवाज ३१०० हर्ट्झच्या नेहमीच्या किंचाळीपेक्षा झोपलेल्यांना, विशेषतः कमी ऐकू येणाऱ्यांना, जास्त खात्रीने उठवतो असं दिसलं आहे. मऊ पण खालचा सूर ऐकूच येणार नाही ही भीती त्यामुळे अनाठायी आहे.

आणि ज्या दिवशी गाडी किंवा परीक्षा चुकवून चालणार नाही, त्या दिवशी फाइल संपल्यानंतर दोन मिनिटांनी साधा, कर्कश अलार्म लावा. तो लांब ठेवा, हात पोचणार नाही असा. रोज लावला तरी हरकत नाही. गाण्याने वेळेत उठवलं तर तो वाजायच्या आत बंद करता येतो, आणि तो आहे हे माहीत असलं की चुकून झोप लागेल या धास्तीने मध्यरात्री फोन बघणंही थांबतं. आठवड्यात दोनदा-तीनदा त्याच्यापर्यंत वेळ येत असेल तर अलार्मची वेळ पाच मिनिटं अलीकडे घ्या. कर्कश अलार्म काढून टाकू नका.